आधी सही, मग तार

"तार वाचणारा ओरडत नाही. ओरडतो तो शेजारी."

तारवाले मामा हे वाक्य इतक्या वेळा म्हणायचे की त्यांच्या भाचीला ते बाराखडीबरोबरच पाठ झालं होतं. लग्नाच्या पंगतीत, न्हाव्याच्या खुर्चीत, पाण्याच्या रांगेत, जिथे विषय निघेल तिथे मामा ते ठेवून देत आणि पुढे काही बोलत नसत. ऐकणाऱ्याने काय घ्यायचं ते घ्यावं. चौतीस वर्षं त्यांनी तारा वाटल्या होत्या. खाकी सदरा, खांद्याला चामड्याची पिशवी, पिशवीत पाकिटं आणि लांबट सहीची वही. गावात त्यांच्या सायकलची घंटी ओळखत नाही असं कुत्रंसुद्धा नव्हतं. नोकरी संपली तेव्हा पिशवी कचेरीत जमा झाली, वही जमा झाली, सायकल मात्र स्वतःची होती. ती राहिली.

एका गोष्टीचं मात्र भाचीला लहानपणापासून नवल वाटे. मामा गावभर घंटी वाजवत फिरत, पण त्यांच्या बहिणीच्या, म्हणजे भाचीच्या आईच्या गल्लीत आले की कोपऱ्यावरच उतरत आणि सायकल हातात धरून मुकाट चालत येत. विचारलं तर म्हणत, "गल्ली अरुंद आहे." गल्ली चांगली बैलगाडी वळेल एवढी होती.

भाची पाणीपुरवठ्याच्या कचेरीत टायपिस्ट होती. वय एकतीस. दिवसभर नळजोडणीचे अर्ज टाइप करी आणि मधल्या सुट्टीत त्याच यंत्रावर स्वतःचं काहीबाही. कचेरीचं नाट्यमंडळ होतं. दरवर्षी सगळ्या कचेऱ्यांच्या नाटकांची स्पर्धा भरे, आणि दरवर्षी पाणीपुरवठा हेडक्लार्कसाहेबांनी लिहिलेलं नाटक करी. त्यात तीन मृत्यू असत, प्रत्येक मृत्यूला एक आक्रोश, आणि तिन्ही आक्रोश एकाच बाईचे. ती बाई बिलाच्या खिडकीवर बसे. तिचं रडणं असं होतं की पहिल्या चार रांगा रुमाल घेऊनच येत. रडण्याचं बक्षीस तिला सलग सहा वर्षं मिळालं होतं. पाठीमागे तिला सगळे 'महापूर' म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि आतून आवडतही होतं.

यंदा हेडक्लार्कसाहेबांच्या डोळ्याचं काम निघालं, नाटक अर्धंच राहिलं, आणि भाचीने धीर करून आपलं पुढे केलं. दिग्दर्शन करणारा हा पाण्याचे मीटर वाचत फिरणारा माणूस होता. दारोदार फिरून त्याला माणसांचा वास कळत असे. पहिला अंक वाचून तो म्हणाला की झकास आहे, सोमवारी दुसऱ्या अंकातला तारेचा प्रवेश वाचू. तो उतरला तर हे नाटक. नाही उतरला तर साहेबांचं जुनं, तीन मृत्यूंचं. आणि त्याने हेही सांगून टाकलं की एकदा नाकारलेला लेखक या मंडळात पुन्हा उभा राहिलेला त्याने पाहिला नाही.

भाची त्या संध्याकाळी घरी चालत आली नाही, जवळजवळ उडत आली.

नाटक साधं होतं. छत्र्या दुरुस्त करणारी एक बाई. नवरा मालाच्या जहाजावर. दुसऱ्या अंकात तार येते की जहाज बुडालं, तो गेला. एवढंच. भाचीने तो प्रवेश रविवारी सकाळी मामांना वाचून दाखवला. आई खिडकीशी शिवणयंत्रावर होती. कपडे शिवून तिने घर चालवलं होतं, मुलगी तीन वर्षांची असताना नवरा पुलाच्या कामावर पडून गेला तेव्हापासून. भाचीला वडील आठवत नव्हते. घरात त्यांचा विषय कुणी टाळत नसे, पण कुणी काढतही नसे.

भाची जोरात वाचू लागली. तारवाला घंटी वाजवत येतो. बाई पाकीट फोडते, तार मोठ्याने वाचते, किंकाळी फोडते, छत्र्यांच्या ढिगावर कोसळते. मग उठून समुद्राला उद्देशून अडीच पानं बोलते. वाचून झालं तेव्हा तिचे कान तापले होते.

मामा बराच वेळ चहाच्या कपाच्या कानाशी खेळत राहिले. मग त्यांनी विचारलं, "तारवाला कुठे गेला?"

"म्हणजे?"

"पाकीट दिलं. पुढे?"

"पुढे काय, गेला तो. त्याचं काम संपलं."

"संपत नाही," मामा म्हणाले. "उलट उत्तर धाडायचं असेल म्हणून थांबावं लागतं. घरात मरण पोचवून माणूस उंबऱ्यावर उभा असतो, आणि त्याला जाता येत नाही. तू त्यालाच हाकलून दिलंस."

भाचीने पेन्सिल उचलली. आणि मग मामा बोलायला लागले. चौतीस वर्षांत बोलले नव्हते एवढं. वाईट तार असली की कचेरीतला यंत्रावरचा माणूस पाकिटाचा कोपरा किंचित दुमडून देई. अशा तारेला घंटी वाजवायची नाही, हा मामांचा स्वतःचा नियम. लांबूनच उतरायचं. दारात गेल्यावर आधी सही, मग तार. माणूस वहीत सही करी, मामा ती मोठ्याने वाचत, नाव आणि आडनाव, मग म्हणत, "बरोबर आहे," आणि मगच पाकीट हातात देत.

"म्हणजे सही करताना तिला माहीत नसतं," भाची हळूच म्हणाली.

"तिला नसतं. मला असतं."

भाचीला एकदम दिसलं. पहिल्या अंकात दुमडलेल्या कोपऱ्याचं गुपित तारवाल्याच्या तोंडून सहज सांगून ठेवायचं. मग दुसऱ्या अंकात तो पायी येईल, घंटी वाजणार नाही, कोपरा दुमडलेला असेल, आणि सगळ्या नाट्यगृहाला कळलेलं असेल. फक्त तिला नाही. ती शाई झटकेल, रेघ कुठली ते विचारेल, हसून सही करेल. तेवढा वेळ लोकांचा श्वास अडकलेला. किंकाळीची गरजच काय?

"आणि वाचताना?" तिने विचारलं.

"मोठ्याने कुणी वाचत नाही. एकदा वाचतात. मग कागद उलटा करून पाहतात, मागे काही लिहिलंय का. मग वरचा पत्ता वाचतात, आपलीच आहे का. तीन वेळा वाचली तरी माणसाला कळत नाही, हाताला आधी कळतं. हात काहीतरी काम शोधतो. एकीने माझ्यासमोर सबंध टेबल पुसलं. एकाने घड्याळाला किल्ली दिली, दिलेलीच होती तरी."

"आणि ओरडतं कोण?"

मामांनी नुसतं पाहिलं. भाची हसली. मग तिने नाटकात शेजारी आणला, छत्री न्यायला आलेला, बडबड्या, फुकट गप्पा मारणारा. तार तो डोकावून वाचतो आणि तोच हंबरडा फोडतो, आणि जिचं घर बुडालं ती बाई त्याला पाणी देते, पाठीवर हात फिरवते. मामांनी मांडीवर थाप मारली. म्हणाले की असं अक्षरशः पाहिलंय, एकदा नाही, वीसदा.

"पण ती नुसती गप्प बसली तर लोक म्हणतील दगड आहे," भाची म्हणाली.

"मग आधी घागर भर," मामा म्हणाले. "रिकाम्या घागरीवर झाकण ठेवून काय उपयोग? पहिल्या अंकात लोकांना कळू दे तिला तो किती हवाय. पण तोंडाने नको."

दुपारभर दोघं बसली. भाचीने खुंटीवर एक मोडकी छत्री टांगली. नवऱ्याची. जाताना तो म्हणून गेलाय की ही मी आल्यावर मीच दुरुस्त करीन, तू हात लावू नकोस. गावच्या छत्र्या बाई दुरुस्त करते आणि घरची मोडकी राहते. गिऱ्हाइकं टोमणे मारतात, लोहाराच्या घरी विळा बोथट म्हणतात, ती हसते, छत्रीवरची धूळ झटकते आणि पुन्हा टांगते. तीन वेळा असं घडतं. भाचीला वाटलं, तार आल्यावर बाईने त्या छत्रीला कवटाळावं.

"नाही," मामा म्हणाले. "तिने तिकडे बघायचंसुद्धा नाही. लोक बघतील."

भाचीने पेन्सिल ठेवून दिली. एवढी साधी गोष्ट आपल्याला कशी सुचली नाही याचा राग, आणि आता सुचली याचा आनंद, दोन्ही एकदम.

"आणि शेवटी ती काय बोलते?"

मामा उठून खिडकीशी गेले. मग पाठमोरेच म्हणाले, "एक बाई होती. तार वाचली. घडी घातली. मला म्हणाली, तुमची सायकल उन्हात आहे, टायर फुटेल, सावलीत लावा. मी गेलो आणि सावलीत लावून आलो. परत आलो तोवर ती सुई ओवत होती."

शिवणयंत्र क्षणभर थांबलं. मग पुन्हा सुरू झालं. भाची लिहीत होती, तिच्या ते ध्यानात आलं नाही.

सोमवारी कचेरी सुटल्यावर मीटरांच्या खोलीत वाचन झालं. भिंतीला भंगार मीटर रचलेले, मधे दोन बाकडी. महापूर बाईंनी प्रवेश वाचला. शेजाऱ्याच्या हंबरड्यापर्यंत त्यांनी कसंबसं धरलं, आणि सायकलच्या वाक्याला जी काय गळा काढून किंकाळी मारली की बाहेरचा पंप-ऑपरेटर पाना घेऊन धावत आला.

दिग्दर्शकाने डोकं खाजवलं. म्हणाला, बाई, इथे किंकाळी नाही. मग बाईंनी न रडता वाचलं. ते तर कोरडं ठणठणीत झालं. नळजोडणीचा अर्ज वाचावा तसं.

"मला इथे करायला काय आहे, टायपिस्टबाई?" महापूर बाई म्हणाल्या, आणि त्या चिडल्या नव्हत्या, खरंच विचारत होत्या. "रडणं शेजाऱ्याला देऊन टाकलंत. ठीक, तो रडेल. छत्रीकडे मी बघायचं नाही. ठीक, नाही बघत. सायकल उन्हात आहे, ठीक, सावलीत लावा. पण ही बाई कुठेतरी चुकायला नको का? इतकी कुणी बरोबर असतं का?"

भाचीला हे झोंबलं, कारण ते खरं होतं. दिग्दर्शकाने मान डोलावली. कुठेतरी एक चीर पाहिजे, तो म्हणाला, सगळं झाकण नुसतं झाकणच राहिलं तर आत काही आहे हे कळणार कसं? गुरुवारपर्यंत मुदत. हेडक्लार्कसाहेबांच्या नाटकाची प्रत त्याने टेबलावर काढून ठेवलीच होती.

भाचीने दोन दिवस डोक्याचं भुसकट केलं. बाईच्या हातून कात्री पाडून पाहिली, तर नाटकी वाटलं. बोट टोचवून पाहिलं, तर स्वस्त वाटलं. एक अश्रू, तोही नको. कचेरीत तिने एका नळजोडणीच्या अर्जात 'जलवाहिनी'च्या जागी 'छत्री' टाइप केलं आणि वरच्या साहेबांनी तो तसाच सही करून पाठवला. मामांना विचारलं तर ते प्रथमच आडवे बोलले. म्हणाले, मला तेवढंच आठवतं. आणि घरी जायला उठले.

बुधवारी संध्याकाळी भाचीने तो प्रवेश पुन्हा मोठ्याने वाचला, स्वतःलाच ऐकवत. मामा नेहमीसारखे आले होते, दाराशी उभे होते. आई यंत्राशी बसून झग्याचा काठ दुमडत होती, तोंडात टाचण्या धरून. वाचन सायकलपर्यंत आलं. आईने तोंडातल्या टाचण्या काढल्या. एकेक करून उशीला टोचल्या. पाच होत्या.

"सायकलचं बरोबर आहे," आई म्हणाली. "पण त्याच्या आधी तिने परत सही केली."

भाचीने वर पाहिलं.

"तार वाचली, घडी घातली," आई सावकाश सांगत होती, शिंपी माप सांगतो तसं. "मग वाटलं, सही राहिलीय. केली होती, पण वाटलं राहिलीय. तारवाल्याच्या हातातली वही घेतली आणि खालच्या रेघेवर पुन्हा केली. दुसऱ्याच कुणाच्या नावाची रेघ होती ती. अक्षर चांगलं आलं. वही परत दिली तेव्हा दिसलं की आडनाव माहेरचं लिहिलंय. लग्नाला सहा वर्षं झाली होती."

दारात मामा खाली बघत होते, पायताणाकडे.

भाचीला सगळं एकदम कळलं नाही. आधी एवढंच कळलं की आईचं माहेरचं आडनाव म्हणजे मामांचं आडनाव. मग गल्ली आठवली, कोपऱ्यावर उतरणारी सायकल आठवली. मग कळलं की ती कुठली एक बाई नव्हती, आणि तार कुणी कुणाची आणली होती. तिच्या हातातली पेन्सिल होती तशीच होती. तिने कागद उलटा केला. मागे काही नव्हतं. परत सुलटा केला.

"कुठल्या रेघेवर?" तिने विचारलं. "लगेच खालच्या, की एक सोडून?"

"लगेच खालच्या," आई म्हणाली.

"आणि त्याने काय केलं? तारवाल्याने?"

आईने भावाकडे पाहिलं, मग तीच म्हणाली. "मोठ्याने वाचली. पहिली वाचली होती तशीच. नाव, आडनाव. आणि म्हणाला, बरोबर आहे."

बाहेर कुणीतरी बादली भरत होतं, तिचा आवाज वर वर चढत गेला.

"चौतीस वर्षांत चुकलेली सही एकच घेतली," मामा दाराशी म्हणाले. "कचेरीत विचारलं, ही काय. म्हटलं, बरोबर आहे."

भाचीने विचारलं, "आई, लिहू हे?"

"लिहायला तर सांगतेय," आई म्हणाली आणि पहिली टाचणी उशीतून काढून परत ओठात धरली. मग ती पुन्हा काढून म्हणाली, "पण त्या समुद्राबिमुद्राचं काही घालू नकोस."

त्या रात्री भाची जेवली की नाही तिला आठवत नाही. तिने दोन ओळी लिहिल्या आणि चौदा खोडल्या. पहिल्या अंकात एक टोमणा घातला. बाईच्या माहेरच्या आडनावाने शेजारी तिला चिडवतो, ती फटकारते की ते नाव मी लग्नात टाकलं, आता पुसायलासुद्धा घेणार नाही. लोक हसतील आणि आडनाव लक्षात ठेवतील. सही मोठ्याने वाचायची मामांची सवय होतीच, म्हणजे वहीतलं अक्षर शेवटच्या रांगेलाही ऐकू जाणार. पहिली सही: सासरचं आडनाव. बरोबर आहे. तार. दुसरी सही: माहेरचं. आणि इथे तारवाल्याने थांबायचं. किती थांबायचं ते तिने लिहिलं नाही. फक्त लिहिलं, 'बरोबर आहे.' मग सायकल.

गुरुवारी महापूर बाईंनी नवं पान उभ्यानेच वाचलं, मनात. मग बसल्या. मग म्हणाल्या, "खरी वही आणा. आणि टाक आणा, पेन नको. टाक बुडवायला वेळ लागतो."

वही आली, टाक आला. भंगार मीटरांसमोर प्रवेश झाला. तारवाल्याचं काम दिग्दर्शक स्वतःच करत होता. शेजारी हंबरला, बाईंनी त्याला पाणी दिलं. तार वाचली, उलटी केली, पत्ता वाचला, घडी घातली. हात वहीकडे गेला. टाक बुडवला, थेंब झटकला, जास्तीचा थेंब कडेला टिपला, आणि सही केली. इतकी नीट, इतकी वळणदार, की बघणाऱ्याला हात धरून थांबवावंसं वाटावं. दिग्दर्शकाने वही घेतली, नाव वाचलं, आडनाव वाचलं, आणि त्याला पुढचे शब्द येईनात. मग म्हणाला, "बरोबर आहे."

"तुमची सायकल उन्हात आहे," महापूर बाई म्हणाल्या. "टायर फुटेल. सावलीत लावा."

आवाज अगदी साधा होता. बिल घेताना असतो तसा. डोळ्यात टिपूस नाही. भिंतीशी रचलेल्या एकशे चाळीस मीटरांपैकी एकाचाही काटा हलला नसेल. पंप-ऑपरेटर आजही पाना घेऊन दारात उभा होता, पण कुणी ओरडलंच नव्हतं. तो तसाच उभा राहिला आणि त्याने टोपी काढली.

"मला जरा एक मिनिट द्या," महापूर बाई म्हणाल्या आणि बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुऊन आल्या. आल्या त्या भाचीला म्हणाल्या, "सहा वर्षं मी लोकांचं रडणं रडत होते. हे लोकांना रडायला ठेवलंत तुम्ही. बाई, फार चालू आहात."

दिग्दर्शकाने हेडक्लार्कसाहेबांची प्रत उचलली आणि बाकड्याचा डुगडुगणारा पाय त्यावर टेकवला.

प्रयोग महिन्याभराने, रविवारी दुपारी तीनला होता. पडद्यामागे उभ्या भाचीने अंगठ्याने पडद्याला एक बारीक फट केली. पहिल्या रांगेत परीक्षक. तिसऱ्या रांगेत महापूर बाईंच्या नेहमीच्या प्रेक्षक बाया, रुमाल घेऊन आलेल्या. पाचव्या रांगेत आई, साडीवर नवं शिवलेलं जाकीट अंगात. मामा दाराजवळ, शेवटच्या खुर्चीत. चौतीस वर्षांची सवय, उंबऱ्याजवळच.

आडनावाच्या टोमण्याला लोक पोटभर हसले. मोडक्या छत्रीला हसले, तिसऱ्यांदा कमी हसले. दुसऱ्या अंकात तारवाला पायी आला तेव्हा मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "घंटी नाही वाजवली." भाचीने ओठ चावला. पोचलं. शेजाऱ्याच्या हंबरड्याला निम्मे लोक हसले आणि हसता हसता अडकले. तार उलटी झाली, घडी झाली. नऊशे डोकी एकाच वेळी खुंटीवरच्या छत्रीकडे वळली आणि बाई वळली नाही. टाक बुडाला. थेंब टिपला. सही झाली. तारवाल्याने नाव वाचलं. आडनाव वाचलं.

नाट्यगृहात पंख्यांचा आवाज फक्त.

किती वेळ थांबायचं ते लिहिलेलं नव्हतं. दिग्दर्शक थांबला, थांबला, आणि भाचीला वाटलं हा विसरला. तिने फटीतून आईकडे पाहिलं. आई सरळ बसली होती, हात मांडीवर. तिचे ओठ हलले, आवाज नाही, पण भाचीला वाचता आलं. दोनच शब्द. आणि त्याच क्षणी रंगमंचावर तारवाला म्हणाला, "बरोबर आहे."

रुमाल तिसऱ्या रांगेत तसेच घडी घातलेले राहिले. त्या बाया ते डोळ्यांना लावायला विसरल्या होत्या.

पडदा पडल्यावर टाळ्या लगेच आल्या नाहीत. आल्या तेव्हा छताला लागल्या. महापूर बाई विंगेत येऊन भाचीच्या गळ्यात पडल्या आणि आता मात्र मनसोक्त रडल्या. दिग्दर्शक मीटर वाचावा तसा टाळ्यांचा आकडा सांगत सुटला. बक्षिसाचं काय ते संध्याकाळी कळायचं होतं. भाची कुणाचं काही न ऐकता मागच्या दाराने पळत बाहेर आली, कारण शेवटची खुर्ची रिकामी दिसली होती.

मामा पायऱ्या उतरत होते. ऊन अजून रखरखीत होतं. त्यांनी सायकल फाटकाशी लावली होती, ती तिथे नव्हती. ते थबकले, इकडेतिकडे पाहू लागले. सायकल डावीकडे होती, भिंतीच्या सावलीत, नीट कललेली. शेजारी आई उभी होती, टाळ्या चालू असतानाच बाहेर आलेली. प्रयोगाला आत शिरण्याआधी तिनेच ती हलवली असणार.

मामांनी सीटवर हात ठेवला. गार होती. हँडल धरून नेहमीसारखे पायी निघाले. नाटक सुटून बाहेर पडणारी माणसं रस्ताभर पसरली होती.

"अरे, चालतोस काय," आई मागून म्हणाली. "बस त्याच्यावर. आणि घंटी वाजव, माणसं मधे येतायत."

मामा थांबले. मग एक पाय पायडलवर टाकून त्यांनी टांग मारली, जुन्या सवयीने, पिशवी नसलेल्या खांद्याचा तोल सावरत. घंटी पहिल्यांदा नुसती खरखरली. दुसऱ्यांदा वाजली. माणसं बाजूला झाली, आणि ते त्यांच्यामधून, दर दहा हातांवर घंटी वाजवत, आईच्या गल्लीच्या दिशेने गेले.

आई सावलीत उभी राहून बघत होती. भाची तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. मामांची पाठ वळणावर दिसेनाशी झाली, तरी दोघी हलल्या नाहीत. घंटी अजून ऐकू येत होती.